भिशी आधी उचलावी का?

‘भिशीचालक पसार’ अशी बातमी आली की चर्चा चालकावरच थांबते. भिशी ज्यांनी आधीच उचललेली असते, त्यांचं तेव्हा फारसं बिघडत नाही. बुडतात ते थांबलेले. पण आधी उचलायची तर किंमत किती मोजायची? हिशेबापुरती एक गोष्ट रचून सांगतो.

डोंबिवलीतली एक इमारत. बोलीची भिशी, बारा घरं, महिना पाच हजार, म्हणजे रक्कम ६० हजार. जो जास्त सोडेल त्याला भिशी मिळते आणि सोडलेले पैसे बाराही जणांत वाटले जातात. शिवणकाम करणाऱ्या शैलावहिनींना तिसऱ्याच महिन्यात मुलाच्या डिप्लोमाची फी भरायची आहे. बोली नऊ हजारांवर जाईल, अशी जिन्यात कुजबुज.

“नऊ सोडा आणि मोकळ्या व्हा. नऊतले साडेसातशे तुम्हालाच परत येतील ना!” तळमजल्यावरचे किराणावाले भाऊ म्हणाले.

हे साडेसातशे फसवे आहेत. बोली दुसऱ्याने घेतली, तरी ते मिळणारच. खरी तुलना अशी: आज ५१ हजार, की नऊ महिने थांबून शेवटी पूर्ण ६०? म्हणजे ५१ हजारांवर नऊ हजार व्याज, महिन्याला जवळजवळ दोन टक्के. वहिनींच्या पाटल्यांवर महिना एक टक्क्याने तेवढंच कर्ज मिळालं, तर नऊ महिन्यांचं व्याज ४,५९०. निम्मंच.

मग पाटल्या गहाण ठेवून थांबायचं? तसं केलं तर अकराव्या महिन्यापर्यंत त्यांचे पन्नासेक हजार शेजाऱ्यांकडे अडकलेले असणार. त्या जोखमीलाही किंमत आहे. वहिनींनी वीजबिलाच्या पाठीवर आकडा लिहिला: सहा हजार. त्यापुढे बोलायचं नाही.

भाऊ साडेसहा बोलले, कारण त्यांना माल भरायचा होता. वहिनी गप्प राहिल्या आणि सोमवारी पाटल्या घेऊन बँकेत गेल्या. माझ्या मते त्यांनी योग्य केलं. मात्र भाऊंकडून उरलेल्या नऊ हप्त्यांचे सही केलेले चेक त्याच बैठकीत मागायला हवे होते. शेजारधर्म आड आला. १९८२च्या चिट फंड कायद्यात रक्कम उचलणाऱ्याने पुढच्या हप्त्यांसाठी तारण द्यायचं असतं. इमारतीतल्या भिशीत ते मागणाराच वाईट ठरतो.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. महिने सरतात तशी बोली उतरली पाहिजे, कारण आधी उचलून वाचणारा काळच कमी होत जातो. दहाव्या महिन्यात कुणी आठ हजार सोडायला निघालं, तर तो दोन महिन्यांसाठी ५२ हजारांवर आठ हजार मोजतोय. अशा माणसाचे पुढचे हप्ते येतील, हे गृहीत धरू नका. त्याच्या हातात रक्कम देण्याआधी जामीनदाराची सही घ्या.