अर्ध्यावर थांबलेल्या उत्तराचे गुण

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत गणित भाग 1, म्हणजे बीजगणित, हा पेपर 40 गुणांचा आणि दोन तासांचा असतो. त्यातल्या चौथ्या प्रश्नात तीनपैकी दोन उदाहरणे सोडवायची असतात आणि प्रत्येकाला 4 गुण असतात. डोके लावायला लागणारी ही उदाहरणे पुष्कळ मुले शेवटी ठेवतात आणि घंटा वाजते तेव्हा त्यातलेच एखादे अर्धे राहते. तपासणाऱ्यासमोर मग असे पान येते, ज्यावर मांडणी बरोबर आहे, समीकरण बरोबर आहे, आकडेमोड सुरू झाली आहे आणि पुढे काहीच नाही. याला 4 पैकी किती द्यायचे?

दमलेल्या शिक्षकाच्या मनात दोन उत्तरे पटकन येतात. एक म्हणजे, उत्तर आले नाही तर शून्य. दुसरे म्हणजे, पोराला येत होते, केवळ वेळ कमी पडला, तेव्हा देऊन टाकावेत. पहिल्या उत्तरात मुलाने केलेला खरा विचार वाया जातो. दुसऱ्यात अन्याय होतो तो शेजारच्या बाकावरच्या मुलीवर, कारण तिने तेवढ्याच वेळात तेच उदाहरण पुरे केलेले असते. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची असेल, तर ती पेपर उघडण्याआधी शोधावी लागते. उदाहरणाचे टप्पे पाडायचे आणि प्रत्येक टप्प्याला किती गुण हे लिहून ठेवायचे, यालाच गुणदान योजना म्हणतात. शाळेत आपण तिला सरळ पायऱ्यांचे गुण म्हणतो.

एक उदाहरण घेऊन पाहू. एक गाडी 180 किलोमीटर अंतर एकसमान वेगाने कापते. वेग ताशी 15 किलोमीटरने जास्त असता, तर हे अंतर कापायला 1 तास कमी लागला असता. तर गाडीचा वेग किती? वर्गसमीकरण मांडून सोडवा.

याचे 4 गुण असे वाटता येतात. गाडीचा वेग ताशी x किलोमीटर मानला, याला अर्धा गुण. दोन्ही वेगांनी लागणारा वेळ 180/x आणि 180/(x + 15) असा लिहिला, याला अर्धा. त्यांच्यातला फरक 1 तास आहे, हे 180/x − 180/(x + 15) = 1 असे मांडले, याला पूर्ण 1 गुण. सरळ रूप देऊन x² + 15x − 2700 = 0 हे मिळवले, याला अर्धा. अवयव पाडून (x + 60)(x − 45) = 0 लिहिले, याला अर्धा. x = −60 किंवा x = 45 या दोन्ही किमती काढल्या, याला अर्धा. आणि वेग ऋण असू शकत नाही, म्हणून वेग ताशी 45 किलोमीटर, या निष्कर्षाला शेवटचा अर्धा. पडताळाही जुळतो: ताशी 45 च्या वेगाने 4 तास लागतात आणि ताशी 60 च्या वेगाने 3 तास.

सगळ्यात जास्त गुण समीकरणाच्या ओळीला का? कारण शब्दांतली गोष्ट गणितात आणण्याचे खरे काम तिथे होते. कोणत्या वेळेतून कोणती वेळ वजा करायची, हे तिथेच कळावे लागते. पुढची आकडेमोड सरावाने जमते. योजना करताना जिथे विचार जास्त आहे तिथे गुण जास्त ठेवले, तरच अर्धवट उत्तराचे मोल खरे होते. शेवटच्या उत्तरालाच दोन गुण ठेवले असतील, तर वेळ संपलेल्या मुलाला न्याय देणे तपासणाऱ्याच्या हातात राहत नाही.

आता समजा, एका पेपरात सगळे टप्पे x² + 15x − 2700 = 0 पर्यंत नीट आले आहेत. त्याखाली मधले पद फोडून x² + 60x − 45x − 2700 = 0 लिहिले आहे. पुढच्या ओळीत x(x + 60) − एवढेच आहे आणि तिथे लेखन थांबले आहे. पहिल्या चार टप्प्यांचे मिळून अडीच गुण होतात. त्यात कुणाचे दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न येतो तो अवयवांच्या अर्ध्या गुणाचा. माझ्या मते तो द्यावा. 2700 चे असे दोन अवयव शोधायचे की ज्यांच्यातला फरक 15 येईल, हेच त्या टप्प्यातले अवघड काम आहे आणि ते झालेले आहे. कंस लिहिणे तेवढे राहिले. एखादे शिक्षक म्हणतील, कंस पुरे होईपर्यंत गुण नाही, आणि तेही चालेल. मात्र जे ठरेल ते वर्गातल्या प्रत्येक पेपराला लागू झाले पाहिजे. बोर्डाच्या पेपरात हा निर्णय एकट्या परीक्षकाने घेऊ नये. तिथे नियामकांना विचारावे आणि त्यांचे उत्तर योजनेच्या कागदावर लिहून ठेवावे, म्हणजे चाळिसाव्या पेपराला पहिल्याचाच नियम लागतो.

हे गुण 3 होतात. उरलेला एक गुण मात्र देता येत नाही. दोन किमती काढणे आणि त्यातली ऋण किंमत नाकारणे हा वेगळा विचार आहे. पूर्ण सोडवणाऱ्यांपैकीही काही मुले −60 तशीच ठेवतात आणि तो अर्धा गुण गमावतात. या मुलाने ती नाकारली असती असे आपल्याला वाटू शकते, पण पानावर त्याचा पुरावा नाही. तो का थांबला हेही पानावरून कळत नाही. घंटा झाली असेल किंवा पुढचे सुचले नसेल. म्हणून थांबण्याच्या कारणाला गुण नसतात, जे लिहिले आहे त्यालाच असतात.

दुसरा पेपर जरा अवघड आहे. या मुलीचे समीकरण बरोबर आहे, पण 180 ला 15 ने गुणताना घाईत 2700 ऐवजी 270 लिहिले गेले. तिचे समीकरण झाले x² + 15x − 270 = 0. याचे पूर्णांकांत अवयव पडत नाहीत. तिने ते ओळखले, सूत्र वापरले, वर्गमुळाच्या चिन्हाखाली 1305 पर्यंत बरोबर आली आणि थांबली. सरळ रूपाचा अर्धा गुण तिने गमावला आहे. पण पुढे? तिच्या चुकलेल्या समीकरणापासून तिने केलेली कृती बरोबर आहे. एका चुकीची शिक्षा एकदाच व्हावी, हे तत्त्व इथे लावायचे. इंग्लंडच्या परीक्षा मंडळांच्या गणिताच्या योजनांत पद्धतीचे गुण आणि अचूकतेचे गुण वेगळे दाखवलेले असतात आणि आधीच्या चुकलेल्या किमतीवरून पुढे बरोबर गेलेल्या कामाला काही ठिकाणी गुण मिळतात. त्याच न्यायाने या मुलीला वर्गसमीकरण सोडवण्याच्या पद्धतीचा अर्धा गुण मिळायला हवा. तिची बेरीज होते अडीच.

या तत्त्वाला एक मर्यादा आहे. चुकीमुळे पुढचे काम सोपे झाले असेल, तर त्या कामाचे गुण देता येत नाहीत. समजा कुणी 15x हे पद गाळले आणि x² = 2700 लिहून वर्गमूळ घेतले. आता अवयव पाडण्याची किंवा सूत्राची गरजच उरली नाही. जे कौशल्य तपासायचे होते, ते वापरलेलेच नाही. तिथे तो अर्धा गुण जातो.

तिसरा पेपर याच्या अगदी उलट असतो. शेवटच्या मिनिटाला कुणीतरी नुसते लिहिते, वेग ताशी 45 किलोमीटर. मांडणी नाही, समीकरण नाही. उत्तर बरोबर आहे, पण वरच्या योजनेत त्याला फार तर अर्धा गुण आहे. उत्तराशिवाय 3 आणि उत्तरासकट अर्धा, हे पालकांना विचित्र वाटते. प्रश्नात मात्र वर्गसमीकरण मांडून सोडवायला सांगितले होते. ते कुणी किती केले, याचा हा हिशेब आहे.

योजना हाती नसली की काय होते, हे अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी दिसले आहे. डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी 1913 मध्ये एकाच विद्यार्थ्याच्या भूमितीच्या पेपराच्या प्रती शाळाशाळांतल्या शिक्षकांकडे पाठवल्या. शंभरावर शिक्षकांनी तो तपासून दिला. गुण आले 30 च्या खालपासून 90 च्या वरपर्यंत, आणि तेही ज्या विषयात उत्तर चूक की बरोबर हे स्पष्ट असते, त्या विषयात. कुठल्या टप्प्याला किती वजन आणि कशासाठी किती कापायचे, हे प्रत्येकाने आपापले ठरवले होते.

योजना असूनही काही चुका होतात आणि त्या तपासताना टाळता येतात. अर्धे उत्तर दिसले की आधी पुढची पाने उलटावीत आणि पुरवणी पाहावी. मुले मध्ये पान सोडून पुढे लिहितात, आणि दुसऱ्या उदाहरणानंतर पहिल्याचा उरलेला भाग सापडतो. रफ वर्कच्या जागेत 60 × 45 = 2700 असे दिसले तर तेही ध्यानात घ्यावे की नाही, हे आधीच ठरलेले असावे. गुण टप्प्यासमोर समासात लिहावेत आणि बेरीज शेवटी करावी. म्हणजे पुढे विद्यार्थ्याने छायाप्रत मागवली किंवा पुनर्मूल्यांकनाला अर्ज केला, तर प्रत्येक अर्धा गुण कशाचा हे तिसऱ्या माणसालाही दिसते. जिथे लेखन संपले तिथे आडवी रेघ मारावी आणि कोरी जागा काट मारून बंद करावी.

आणखी एक अडचण आपल्या मनातली आहे. आधीची सगळी उत्तरे सुंदर असली की शेवटचे अर्धे उत्तरही चांगले वाटू लागते, आणि आधी चुका झाल्या असल्या की त्याच ओळींबद्दल शंका येते. घटक चाचणीत यावर सोपा उपाय आहे. एकेक पेपर पुरा न तपासता सगळ्या पेपरांतला चौथा प्रश्न सलग तपासावा. डोक्यात एकच योजना राहते आणि पेपर कुणाचा याचा विसर पडतो.

चाचणीचा पेपर परत देताना ही योजना फळ्यावर लिहून दाखवली, तर मुले स्वतःच आपला हिशेब करून पाहतात. वेळ संपत आला असताना आधी काय लिहायचे, हेही त्यांना त्यातून कळते. शेवटची तीन मिनिटे उरली असतील, तर x काय मानला ते लिहावे, दोन्ही वेळा लिहाव्यात आणि समीकरण मांडावे. आकडेमोडीला हात लागला नाही तरी 4 पैकी 2 गुण त्या तीन ओळींत आहेत, आणि उदाहरण समजले आहे हे दाखवणाऱ्या ओळीही त्याच आहेत.