बस चाळीस मिनिटं आधी कशी पोचली?

एक बस १२० किलोमीटर अंतर ठरावीक वेगाने कापते. तिचा वेग ताशी ९ किलोमीटरने जास्त असता, तर ती ४० मिनिटं आधी पोचली असती. बसचा मूळ वेग किती?

दहावीच्या बीजगणितात, वर्गसमीकरणांच्या प्रकरणात या जातीची शाब्दिक उदाहरणं असतात. उत्तर कुठल्याही गाईडमध्ये आठ-दहा ओळींत मिळतं. तरीही परीक्षेच्या आदल्या महिन्यात क्लासच्या डाऊट सेशनला हेच गणित पुन्हा निघतं, कारण गाईडमध्ये उत्तर असतं, पण मूल नेमकं कुठे अडतं ते नसतं. ते सापडतं शंकानिरसनाच्या तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये. आजकाल बरेच शिक्षक ऑनलाइन तास आपोआप रेकॉर्ड होऊ देतात, किंवा मोबाइल स्टँडवर लावून फळ्याचं चित्रण करतात. मग ती फाइल ग्रुपवर पडते आणि तशीच राहते. अर्ध्या तासाच्या व्हिडिओतलं आपल्या कामाचं दीड मिनिट शोधत बसायला मुलांना वेळ नसतो. म्हणून त्यातून दोन पानांचं टिपण काढायचं: पायऱ्या आणि त्या-त्या पायरीवर होणाऱ्या चुका. हे काम वाटतं तितकं यांत्रिक नाही. वरच्या बसच्या गणितावर असा तास झाला, असं धरून ते कसं होतं ते पाहता येईल.

पहिली अडचण कानाची. बोलल्या जाणाऱ्या गणिताला कंस नसतात. शिक्षिका फळ्याकडे वळून म्हणतात, ‘वनट्वेंटी अपॉन एक्स प्लस नाईन’. ऐकून लिहिणाऱ्यासमोर दोन राशी उभ्या राहतात: १२०/x + ९ आणि १२०/(x + ९). पहिलीत नऊ वेळेत मिळवले आहेत, दुसरीत वेगात. आपोआप उमटणारी सबटायटल्स इथे काही मदत करत नाहीत, कारण ती शब्द लिहितात, कंस लिहीत नाहीत. ‘एक्स प्लस नऊचा वर्ग’ या बोलण्याचंही तेच. म्हणून जाणकार माणूस पहिल्या फेरीत एक ओळही लिहीत नाही. तो व्हिडिओ ऐकत जातो, मुलांनी प्रश्न विचारला ती वेळ टिपतो, आणि डस्टर फिरण्याआधीच्या प्रत्येक फळ्याचा स्क्रीनशॉट घेतो. राशी उतरवायची ती फळ्यावरून, आवाजावरून नाही.

दुसरी अडचण ‘हे’ आणि ‘ते’ची. ‘हे इकडे घेतलं, ते वर गेलं, आता काय उरलं?’ फळ्यावर बोट फिरत असतं तोवर हे वाक्य पूर्ण असतं, कागदावर मात्र ते निरर्थक होतं. नुसतं ‘वर गेलं’ लिहिण्यात धोकाही आहे: काय गेलं, का गेलं, हे न कळता मूल संख्या हलवायला शिकतं. टिपणात तिथे ‘दोन्ही बाजूंना x(x + ९) ने गुणलं’ असं लिहावं लागतं. शिक्षिकेने हे शब्द उच्चारलेले नसतात, पण त्यांच्या बोटाने केलेलं हेच असतं.

आता पायऱ्या. मूळ वेग ताशी x किलोमीटर धरला, तर मूळ वेळ १२०/x तास आणि वाढलेल्या वेगाने लागणारा वेळ १२०/(x + ९) तास. फरक ४० मिनिटांचा, म्हणजे ४०/६० = २/३ तास. तेव्हा समीकरण असं:

१२०/x − १२०/(x + ९) = २/३

गाईड इथून सरळ पुढे जातं. रेकॉर्डिंगमध्ये मात्र याच जागी मागच्या बाकावरून आवाज येतो: ‘मॅडम, मी उलटं वजा केलं, चालेल का?’ टिपणातली पहिली महत्त्वाची चूक ही, आणि तिची जागाही इथेच, शेवटच्या ‘टाळावयाच्या चुका’ या चौकटीत नाही. वेग वाढला की वेळ कमी होतो, म्हणून जुना वेळ मोठा आणि तोच आधी लिहायचा. उलटं लिहिलं तर पुढे x² + ९x + १६२० = ० असं समीकरण मिळतं. त्याचा विवेचक ८१ − ६४८० = −६३९९, म्हणजे वास्तव मुळंच नाहीत. मुलाला वाटतं आकडेमोड चुकली, आणि ते गुणाकार तपासत बसतं. आकडेमोड बरोबरच असते, चूक चार ओळी वर झालेली असते. म्हणून टिपणात चुकीसोबत तिचं लक्षणही हवं: बसच्या गणितात विवेचक ऋण आला, तर आधी वजाबाकीचा क्रम पाहा.

या गणितात खरी गोम आहे ती चाळीस मिनिटांत. इथे दोन वेगवेगळ्या चुका होतात आणि त्या सारख्या धोक्याच्या नाहीत. कुणी उजव्या बाजूला सरळ ४० लिहितं. मग x² + ९x = २७ येतं आणि बसचा वेग निघतो ताशी साधारण २.४ किलोमीटर. माणूस चालतोसुद्धा याहून भरभर, त्यामुळे ही चूक डोळ्यांत भरते. दुसरं कुणी ४० मिनिटं म्हणजे ०.४० तास असं लिहितं. रुपये-पैशांची सवय! आता समीकरण x² + ९x − २७०० = ० होतं आणि वेग येतो ताशी सुमारे ४७.७ किलोमीटर. बसला शोभेल असाच आकडा. अवयव पडले नाहीत, सूत्र वापरावं लागलं, एवढीच काय ती शंकेची खूण, आणि तीही पक्की नाही. ही चूक फक्त ताळ्यात सापडते, तोही मिनिटांत करून पाहिला तर: ४७.७ आणि ५६.७ या वेगांनी १२० किलोमीटर जायला लागणाऱ्या वेळांत फरक पडतो सुमारे २४ मिनिटांचा. उदाहरण म्हणतं ४०. तासांतच ताळा केला असता, तर फरक ०.४० आला असता आणि मूल समाधानाने पुढच्या गणिताकडे वळलं असतं. टिपणाला एकाच चुकीपुरती जागा उरली असेल, तर ती या चुकीला द्यावी.

पुढची पायरी छेद काढण्याची. दोन्ही बाजूंना x(x + ९) ने गुणल्यावर डावीकडे १२०(x + ९) − १२०x राहतं. वहीत बऱ्याचदा त्याचं १२०x + ९ − १२०x होतं आणि हजार ऐंशीच्या जागी नुसते नऊ उरतात. बोलताना हरवलेला कंस इथे लिहिताना पुन्हा हरवतो. बरोबर सोडवलं तर १०८० = (२/३) × x(x + ९), म्हणजे

x² + ९x − १६२० = ०

आणि मग तासातलं ते नेहमीचं वाक्य: ‘सोळाशे वीसचे अवयव, दिसतंयच, पंचेचाळीस आणि छत्तीस.’ शिक्षिकेला ते दिसतं, कारण त्यांनी ते कितीतरी वेळा पाहिलेलं असतं. रेकॉर्डिंगमध्ये यानंतर सात-आठ सेकंद शांतता असते. ती शांतता हीसुद्धा मुलांची शंकाच असते, फक्त ती कुणी बोलून दाखवलेली नसते. टिपण करणाऱ्याने इथे थांबून मधली पायरी स्वतः भरली पाहिजे किंवा शिक्षिकेला विचारून घेतली पाहिजे. ४० चा वर्ग १६००, म्हणजे १६२० चं वर्गमूळ चाळिसाच्या थोडं पुढे. ज्या दोन संख्यांचा गुणाकार १६२० आणि फरक ९ आहे, त्या चाळिसाच्या दोन्ही अंगांना, साधारण साडेचार-साडेचार अंतरावर असणार. ३६ आणि ४५ लगेच हाती लागतात.

(x + ४५)(x − ३६) = ०, म्हणून x = ३६ किंवा x = −४५. वेग ऋण नसतो म्हणून −४५ सोडायचं, हे मुलं पाठ करून येतात. पण एखादं मूल चिन्ह पुसून ‘४५’ असं उत्तर लिहितं, आणि गंमत म्हणजे तो आकडा या गणितात खरोखर आहे: ३६ + ९, वाढलेला वेग. हा योगायोग नाही. समीकरणात दोन वेग x आणि x + ९ आहेत. x ला −४५ मानलं की x + ९ होतो −३६, म्हणजे तीच जोडी चिन्हं बदलून, उलट क्रमाने परत येते. त्यामुळे ४५ लिहिणाऱ्याचं उत्तर अगदीच भलतं दिसत नाही, आणि ताळ्याशिवाय ते कळतही नाही. ताळा असा: ताशी ३६ ने १२० किलोमीटरला ३ तास २० मिनिटं, ताशी ४५ ने २ तास ४० मिनिटं. फरक ४० मिनिटं.

सोडवलेली उदाहरणं वाचून शिकण्याचा उपयोग किती, यावर ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली बीजगणितावरच केलेलं काम प्रसिद्ध आहे. सोडवलेलं उदाहरण अभ्यासून लगेच तसंच एक सोडवणाऱ्या मुलांना पुढची त्याच धाटणीची गणितं कमी वेळात आणि कमी चुकांनी जमली. मात्र धाटणी बदलली की हा फायदा तसाच राहिला नाही. चुका दाखवण्यालाही मर्यादा आहे. जर्मनीतले कॉर्नेलिया ग्रोस आणि अलेक्झांडर रेंकल यांच्या २००७ सालच्या अभ्यासात, चुकीची उत्तरं मांडून ‘चूक शोधा’ म्हणण्याचा लाभ मुख्यतः आधीच बरी तयारी असलेल्यांना झाला. कच्च्या विद्यार्थ्यांना चूक कुठे आहे ते ठळक करून दाखवावं लागतं. तेव्हा टिपणात चुकीची ओळ लिहायचीच असेल, तर ती स्पष्ट खोडलेली असावी. चाचणीच्या आदल्या रात्री घाईत वाचणारं मूल तीच ओळ पाठ करून जाण्याची शक्यता खरी आहे.

प्रश्न विचारणाऱ्याचं नाव आणि आवाज टिपणात येऊ देऊ नये. ‘उलटं वजा केलं’ हे कुणी म्हटलं याला महत्त्व नाही, आणि तास रेकॉर्ड करण्यासाठी पालकांची परवानगी असली, तरी ती मुलाची चूक ग्रुपभर फिरवण्यासाठी घेतलेली नसते. दोन पानांपेक्षा जास्त मजकूर झाला, तर बहुधा शिक्षिकेचं गप्पागोष्टींचं बोलणंही उतरलं गेलेलं असतं, ते कापावं.

टिपण उतरलं का, हे पाहायला तासाला हजर नसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती ते द्यावं आणि खाली एक गणित जोडावं, पण दिशा बदलून. उदाहरणार्थ, एक मोटार १५० किलोमीटर जाते; पावसामुळे वेग ताशी १० किलोमीटरने कमी झाला आणि ती ३० मिनिटं उशिरा पोचली, तर मूळ वेग किती? समजून सोडवणारा १५०/(x − १०) − १५०/x = १/२ असं लिहितो आणि ६० वर पोचतो. बसच्या पायऱ्या जशाच्या तशा उतरवणारा x + १० लिहितो आणि त्याचं उत्तर येतं ५०, म्हणजे पावसातला वेग. असं उत्तर आलं, तर टिपणातली पहिलीच पायरी, म्हणजे x कशाला मानलं आणि कुठला वेळ मोठा, पुन्हा लिहायला घ्यावी.