जोडी-जोडीने तपासून भागत नाही

पहिल्या वर्षाच्या पेपरात हा प्रश्न हमखास असतो: u = (1, 2, −1), v = (2, 1, 1) आणि w = (1, −4, 5) हे सदिश रेषीय स्वतंत्र आहेत का? अनेक विद्यार्थी दोन-दोन सदिश घेऊन पाहतात. यांतला कोणताही एक दुसऱ्याच्या पटीत नाही, म्हणून ते ‘स्वतंत्र’ असं लिहून मोकळे होतात. हे उत्तर चूक आहे. पटीची कसोटी फक्त दोन सदिशांपुरती चालते. तिसरा आला की तो पहिल्या दोघांच्या मिश्रणातून तयार झालेला असू शकतो, आणि ते जोडी-जोडीने पाहून कळत नाही.

म्हणून तिघांना एकत्र घेऊन au + bv + cw = 0 असं समीकरण मांडायचं. a, b, c तिन्ही शून्य घेतले तर ते खरं ठरतंच; त्यातून काहीच सिद्ध होत नाही. विचारायचं ते एवढंच, की याशिवाय दुसरं उत्तर आहे का? सदिशांचे घटक वेगळे केले की तीन समीकरणं मिळतात:

a + 2b + c = 0
2a + b − 4c = 0
−a + b + 5c = 0

दुसऱ्यातून पहिल्याची दुप्पट वजा करा: −3b − 6c = 0. तिसऱ्यात पहिलं मिळवा: 3b + 6c = 0. आता या दोघांची बेरीज केली की हाती 0 = 0 उरतं. इथे थांबून नीट पाहावं. समीकरणं तीन दिसत होती, पण खरी माहिती दोनच समीकरणांत होती, त्यामुळे c आपल्या मर्जीने निवडता येतो. c = 1 घेतला तर b = −2 आणि a = 3. म्हणजे 3u − 2v + w = 0, अर्थात w = 2v − 3u. सदिश परावलंबी आहेत. हे उत्तर मूळ सदिशांत घालून ताळा जरूर करावा. चिन्हाची चूक तिथेच पकडली जाते.

आता w मधला 5 बदलून 6 करा. त्याच पायऱ्यांनी शेवटी 0 = 0 ऐवजी c = 0 येतं, मग b आणि a सुद्धा शून्य होतात. आता मात्र सदिश स्वतंत्र आहेत.

निश्चयक काढूनही हेच कळतं: पहिल्या वेळी तो 0 येतो, दुसऱ्या वेळी −3. पण निश्चयकाला सदिशांची संख्या आणि त्यांच्या घटकांची संख्या सारखी लागते. चार घटकांचे तीन सदिश दिले तर तो मांडताच येत नाही. समीकरणांची रीत मात्र तिथेही चालते, म्हणून आधी ती हातात बसवा.