संदर्भ दिला म्हणजे परवानगी मिळाली का?

प्रबंध लिहिताना आपल्याला एक सवय लागते: कुणाचं काही घेतलं की खाली संदर्भ द्यायचा, विषय संपला. पण संदर्भामुळे वाङ्मयचौर्याचा आरोप टळतो, कॉपीराइटचा नाही. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये संशोधन आणि समीक्षेसाठी रास्त वापराची सूट आहे. तेच साहित्य दुकानाच्या जाहिरातीत गेलं की या सुटीचा आधार राहत नाही.

एक उदाहरण घेऊ. तुमच्या मावशीचं कापडी पिशव्यांचं दुकान आहे. आषाढीला तिला एक पोस्ट टाकायची आहे: तुकोबांची एक ओळ, मागे अभंगाचं गाणं आणि वारीचा फोटो.

आधी ओळ. तुकोबा सतराव्या शतकातले, त्यामुळे त्यांच्या शब्दांवर आज कुणाचाही हक्क नाही. इथे धोका वेगळाच आहे. तुकोबांच्या नावावर फिरणाऱ्या कितीतरी ओळी त्यांच्या नसतात. गाथा उघडून अभंग सापडतो का ते बघा. नाही सापडला तर त्यांचं नाव घालू नका.

आता गाणं. शब्द मोकळे असले तरी चाल मोकळी असेलच असं नाही. 'अभंग तुकयाचे'ला संगीत देणारे श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले. चालीवरचा हक्क संगीतकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे इथे २०७१ अखेरपर्यंत. ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा: प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. १९७० मध्ये निघालेली तबकडी २०३० अखेर मोकळी होईल, पण चाल तेव्हाही नाही. 'फक्त पंधरा सेकंद वापरलं तर चालतं' असा नियम कायद्यात कुठेच नाही. त्यामुळे दोन्हींची परवानगी घ्या, नाहीतर व्यावसायिक वापराचा परवाना असलेलं संगीत निवडा.

शेवटी फोटो. 'गुगल साभार' हे श्रेय नव्हे, कारण फोटो गुगलने काढलेला नसतो. विकिमीडिया कॉमन्सवर फोटोच्या पानावर परवाना लिहिलेला असतो. तो CC BY-SA 4.0 असेल तर व्यवसायासाठी वापरता येतो, पण अटी पाळून. इतर संकेतस्थळांवर परवान्यात NC दिसलं तर व्यावसायिक वापर नाही, म्हणून तो सोडा. श्रेय असं लिहा:

'छायाचित्र: (छायाचित्रकाराचं नाव), विकिमीडिया कॉमन्स, CC BY-SA 4.0, कडा कापल्या आहेत.' सोबत फोटोच्या आणि परवान्याच्या पानाची लिंक द्या.

बदल सांगणं ही परवान्याची अटच आहे. SA मुळे बदललेलं चित्रही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. आणि 'यांच्या सहकार्याने' असं लिहू नका. छायाचित्रकाराने मावशीच्या पिशव्यांना पाठिंबा दिलाय असं त्यातून वाटतं, आणि ते खोटं आहे. फोटोत एखाद्या वारकऱ्याचा चेहरा ठळक असेल तर त्याची संमती हा वेगळा प्रश्न. छायाचित्रकाराचा परवाना ती देत नाही, म्हणून दिंडीचा लांबून घेतलेला फोटो बरा.

थोडक्यात, संदर्भ लिहायला घेण्याआधी दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: हे कुणाचं आहे, आणि मला ते असं वापरायची मुभा कुणी दिली?