मुलाखतीची तयारी (भाग ७) : मित्राच्या हातातला गुणतक्ता

सराव-मुलाखतीचा गुणतक्ता एका पानात मावतो. वहीचं पान आडवं धरायचं, डावीकडे प्रश्न लिहायचा, मधली सर्वांत रुंद जागा उमेदवाराच्या तोंडून आलेल्या शब्दांसाठी ठेवायची आणि उजवीकडे चार बारीक रकाने आखायचे : मुद्दा, वाटा, तपशील, बोलणं. विचारलं त्याचं उत्तर आलं का, त्यात उमेदवाराने स्वतः काय केलं ते कळलं का, आकडे आणि वस्तू नेमक्या आल्या का, आणि ऐकणाऱ्याला धागा न सुटता ऐकता आलं का. प्रत्येकाला १ ते ४ गुण, म्हणजे एका उत्तराला जास्तीत जास्त १६. गेल्या आठवड्यात निवडलेले पाच प्रश्न एका पानात बसतात.

गुण ५ पर्यंत न ठेवता ४ पर्यंतच ठेवण्याचं कारण साधं आहे. पाचात मधला आकडा मिळतो, आणि मित्राला मित्राचं वाईट वाटू द्यायचं नसलं की पान ३-३-३ ने भरतं. चारात मधोमध बसायला जागाच नाही. हे उत्तर अलीकडचं की पलीकडचं, ते ठरवावंच लागतं. पण नुसत्या आकड्यांनी भागत नाही. १ म्हणजे काय आणि ४ म्हणजे काय, हे आधी शब्दांत लिहून ठेवावं लागतं. ‘वाटा’ या रकान्यासाठी ते असं लिहिता येतं : १ – सगळं ‘आम्ही केलं’, उमेदवार कुठे होता ते कळत नाही, २ – एखादी कृती त्याची, पण का केली ते नाही, ३ – त्याची कृती आणि कारण दोन्ही कळतं, ४ – त्याखेरीज दुसरा कोणता मार्ग समोर होता आणि तो का सोडला, तेही कळतं. बाकीच्या तीन रकान्यांसाठीही अशाच चार-चार ओळी दोघांनी मिळून लिहायच्या. त्यात अर्धा तास जातो, पण पुढची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

एका वाचकाने विचारलं आहे की, मित्र मुलाखत संपेपर्यंत नुसता ऐकतो आणि शेवटी सगळे गुण एकदम भरतो, तर काय बिघडतं? या प्रश्नाचं उत्तर इस्रायली सैन्यात १९५५ च्या सुमारास मिळालं होतं. पुढे २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन तेव्हा एकवीस वर्षांचे होते आणि लढाऊ तुकड्यांसाठी भरतीच्या मुलाखती कशा घ्यायच्या हे ठरवण्याचं काम त्यांच्याकडे आलं होतं. आधीची पद्धत अशी की, मुलाखत घेणारा पोराशी गप्पा मारायचा आणि त्याच्याबद्दल एकंदर मत बनवायचा. कानेमन यांनी सहा गुण ठरवले, प्रत्येकासाठी पूर्वायुष्याबद्दलचे ठरावीक प्रश्न दिले, आणि एका गुणाचे मार्क लिहून झाल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही, असा नियम केला. मुलाखत घेणारे वैतागले. आपल्याला यंत्र करून टाकलं अशी त्यांची तक्रार होती. तेव्हा त्यांना एवढी मोकळीक मिळाली की, सहाही मार्क देऊन झाल्यावर डोळे मिटून त्या जवानाचं चित्र मनात आणायचं आणि एक एकत्रित मार्क द्यायचा. नवी पद्धत जुनीपेक्षा बरीच बरी ठरली आणि गंमत म्हणजे शेवटचा तो डोळे मिटून दिलेला मार्कही उपयोगी ठरला, कारण तो आधी नव्हे तर नंतर दिलेला होता.

म्हणून एक उत्तर संपलं की लगेच चारही गुण भरायचे आणि मगच पुढचा प्रश्न. मध्ये पंधरा-वीस सेकंद शांतता पसरते; ती पसरू द्यावी, खऱ्या मुलाखतीतही समोरचा माणूस मान खाली घालून लिहितोच. सगळे गुण शेवटी भरले की, पहिल्या उत्तराचा ठसा पाचव्यावर पडतो. चांगली सुरुवात करणाऱ्याला पुढे फुकट गुण मिळत जातात आणि अडखळलेल्याचं नंतरचं बरं उत्तरही झाकलं जातं. तक्त्याच्या तळाशी ‘एकूण वाटणं’ असा एक चौकोन ठेवायला हरकत नाही; फक्त तो सगळ्यात शेवटी भरायचा.

मित्राकडून होणारी खरी अडचण मात्र वेगळी आहे, आणि ती हात सैल सोडण्यापेक्षा अवघड आहे. मित्राला गोष्ट आधीच माहीत असते. उमेदवाराने अर्धं सांगितलं तरी उरलेलं अर्धं त्याच्या डोक्यात आपोआप भरलं जातं, आणि न सांगितलेल्या गोष्टीलाही गुण मिळतात. मधला रुंद रकाना आहे तो यासाठी. मित्राने उत्तराचा गोषवारा लिहायचा नाही. कानावर पडलेले शब्द, तुटक का होईना, जसेच्या तसे टिपायचे, आणि गुण देताना फक्त त्या कागदाकडे पाहायचं. कागदावर नाही ते सांगितलं गेलं नाही. मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला तर वाद झाल्यावर तपासता येतं.

चाकणच्या एका कारखान्यातल्या गुणवत्ता निरीक्षकाच्या जागेसाठी तयारी करणारा मेकॅनिकल डिप्लोमा झालेला एक मुलगा आणि त्याचा खोलीतला मित्र, असं उदाहरण घेऊ. मित्र दार लावून टेबलाच्या पलीकडे बसतो आणि वीस मिनिटांपुरतं अरे-तुरे बंद करतो. हे नाटकी वाटतं, पण ‘तू’ म्हणत विचारलेल्या प्रश्नाला उत्तरही कट्ट्यावरचंच येतं. प्रश्न असा : “एखादा माल तुम्ही नाकारलात असा प्रसंग सांगा.” उत्तर आलं आणि मित्राने ते टिपलं :

“आमच्याकडे एकदा बुशचा लॉट आला होता. त्यात साइजचा प्रॉब्लेम होता. मग आम्ही चेक केलं, रिजेक्ट केलं, सप्लायरला कळवलं. नंतर सगळं व्यवस्थित झालं.”

मित्राने मुद्द्याला ३, वाट्याला १, तपशिलाला १ आणि बोलण्याला ४ गुण दिले, एकूण ९. हाच तक्ता उमेदवाराच्याही हातात होता. मुलाखत संपल्याबरोबर, मित्राचा कागद न पाहता, त्याने स्वतःला ३, ३, ३, ३ असे १२ दिले. दोन कागद शेजारी ठेवले की कुठे बोलायचं ते आपोआप दिसतं. एका गुणाचा फरक सोडून द्यावा. तेवढा फरक त्याच माणसाने दुसऱ्या दिवशी ऐकला तरी पडतो. दोन किंवा जास्त फरक असेल तिथेच थांबायचं. इथे तो वाटा आणि तपशील या रकान्यांत आहे.

आता अरे-तुरे परत सुरू. अभिप्राय देताना मित्र आधी कागदावरचा शब्द वाचतो, मग त्यातून काय कळलं नाही ते सांगतो. “तू ‘आम्ही चेक केलं’ म्हणालास. कुणी केलं, कशाने केलं, ते मला कळलं नाही.” एवढंच. “आत्मविश्वास कमी वाटला” या वाक्याने काहीच दुरुस्त होत नाही, कारण आत्मविश्वास कुठल्या शब्दात घालायचा हे कुणालाच माहीत नसतं. तेच “दोनदा ‘बहुतेक’ म्हणालास” असं सांगितलं तर उद्या ते टाळता येतं. “छान झालं” हेही तसंच निरुपयोगी. काय छान झालं, तो शब्द वाचून दाखवावा. आणि एका उत्तरामागे एकच दुरुस्ती, फार तर दोन. सात चुका ऐकलेला माणूस पुढच्या वेळी सातही करतो, वर गोंधळतो.

विचारल्यावर बाहेर आलं ते असं. बुशचं भोक २० मिलिमीटर, एच-७ बसणीचं, म्हणजे २०.००० ते २०.०२१ च्या आत हवं. प्लग गेजची ‘गो’ बाजू आत जायला हवी, ‘नो-गो’ बाजू जाता कामा नये. याने दहा नग उचलून पाहिले, तर तिघांत नो-गो सहज आत गेली. बोअर गेजने मोजल्यावर २०.०३ च्या आसपास आकडे आले. लाइनला माल हवा होता म्हणून सुपरवायझर ‘चालवून घे’ म्हणत होता. याने लॉटला लाल टॅग लावून तो होल्डवर ठेवला. मात्र सगळाच परत पाठवण्याऐवजी दोनशे नग एकेक करून तपासायची परवानगी मागितली, म्हणजे चांगले निवडून लाइनला देता येतील. सेहेचाळीस नग बाद झाले, बाकीच्यांवर ती पाळी चालली.

मित्राला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं. कागदावर टिपलं नसतं तर त्याने पहिल्याच उत्तराला बारा-तेरा गुण देऊन टाकले असते. दुसऱ्या फेरीत वाटा आणि तपशील दोन्हींना ४ मिळाले, मुद्दा ३ वर राहिला, पण उत्तर तीन मिनिटांवर गेल्याने बोलणं २ वर उतरलं, एकूण १३. सुपरवायझरच्या बाजूची दोन वाक्यं गाळल्यावर ते दोन मिनिटांत आलं.

या १३ वर लगेच खूश होण्यात अर्थ नसतो. तोच प्रश्न पुन्हा विचारला की गुण वाढणारच. ते पाठांतराचं मोजमाप झालं. सुधारणा झाली का हे पाहायचं तर तीन-चार दिवसांनी, न सांगता, तसाच पण वेगळा प्रश्न विचारावा : “वरिष्ठांचं आणि तुमचं पटलं नाही असा प्रसंग सांगा.” तिथेही वाट्याला ३ आले तर सवय लागली. पुन्हा ‘आम्ही, आम्ही’ सुरू झालं तर फक्त बुशची गोष्ट सुधारली आहे. मुलाखत हिंदीत किंवा इंग्रजीत होण्याची शक्यता असेल तर हा प्रश्न त्याच भाषेत विचारावा. मराठीत नेमकं बोलणारा मुलगा भाषा बदलली की पुन्हा ‘साइजचा प्रॉब्लेम’वर येतो.

दोन मित्रांच्या गुणांची तुलना करू नये. एकाचे ११ म्हणजे दुसऱ्याचे १३ असू शकतात; एकाच माणसाचे, एकाच तक्त्यावरचे, वेगवेगळ्या दिवसांचे गुण तेवढे शेजारी ठेवावेत. दोन-तीन फेऱ्यांनंतर मित्राचे कान सरावतात, त्याला पुढचं वाक्य आधीच ऐकू येऊ लागतं. त्या टप्प्यावर तक्ता आणि चार-चार ओळींचं वर्णन अशा कुणाकडे द्यावं ज्याला बुश म्हणजे काय तेही माहीत नाही. त्याच्या ‘तपशील’च्या रकान्यात १ आला तर समजावं की आकडे बोलले गेले, पण ते का महत्त्वाचे हे सांगायचं राहिलं.

पगाराच्या प्रश्नाचं उत्तर या भागात द्यायचं ठरलं होतं. तक्त्यानेच जागा खाल्ली. तो प्रश्न पुढच्या भागात, आणि त्याला ‘वाटा’ हा रकाना लागू पडत नाही, तेव्हा त्या ओळीपुरता तो मोकळा ठेवावा.