फोन नवा, वेग जुनाच : दोष शोधायचा कुठे?

धाराशिव, तुळजापूर, उमरगा या आपल्या शहरांत आता पुष्कळ घरांत फायबरची तार आली आहे. मुलांचा अभ्यास, स्पर्धा परीक्षांचे वर्ग, फॉर्म भरणे ही सारी कामे घरच्या वाय-फायवर चालतात. वर्ग मध्येच अडखळू लागला की घरात पहिला संशय येतो तो फोनवर. मग हप्त्यांवर वीस-बावीस हजारांचा नवा फोन येतो. खोक्यावर ‘वाय-फाय ६’ असे छापलेले असते, पण वेग फारसा वाढत नाही. असे का होते आणि पैसे खर्च करण्याआधी काय तपासावे, एवढेच आम्ही या लेखात सांगणार आहोत.

वाय-फाय म्हणजे फोन आणि राउटर यांच्यातील बोलणे. दोन माणसे बोलतात ती दोघांनाही येणाऱ्या भाषेतच. एकाला चार भाषा येतात आणि दुसऱ्याला एकच, तर संभाषण त्या एकाच भाषेत होणार. वाय-फायच्याही अशा पिढ्या आहेत. २००९ साली चौथी पिढी आली, २०१३ मध्ये पाचवी, २०१९ पासून सहावी आणि २०२४ पासून सातवी. नव्या फोनला जुन्या पिढ्याही समजतात, म्हणून तो कोणत्याही राउटरला जोडला जातो. परंतु राउटर चौथ्या पिढीचा असेल तर सहाव्या पिढीचा फोनही त्याच्याशी चौथ्या पिढीचेच बोलतो. खोक्यावरचा आकडा तेथे कामाला येत नाही.

दुसरी गोष्ट लहरींची. वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्ट्याची लहर भिंतीपलीकडे जाते, पण त्या पट्ट्यात जागा थोडी आणि गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर आणि ब्लूटूथची यंत्रे सारी तेथेच असतात. दुसऱ्या पट्ट्यात जागा मोठी आणि वेग जास्त, पण भिंत आली की लहर अशक्त होते. जोडणीसोबत बसवले जाणारे स्वस्त राउटर बहुधा फक्त पहिल्या पट्ट्याचे असतात. खरी अडचण येथे आहे.

एका घराचा हिशेब

आमच्या परिचयातील उमरग्याच्या एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. त्यांची योजना १०० एमबीपीएसची. जुन्या फोनवर वेग ४० च्या आसपास मिळे, म्हणून मुलीच्या अभ्यासासाठी नवा फोन घेतला. त्यावर ६० च्या आत-बाहेर मिळू लागला. घरमालकांनी आम्हाला विचारले, “दादा, फोन खराब निघाला का?”

फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फायच्या नावावर बोट ठेवले की तपशील उघडतो. तेथे Frequency समोर 2.4 GHz होते आणि Link speed समोर १४४ एमबीपीएस. जुन्या फोनवर हाच आकडा ७२ होता. कारण सरळ आहे. २.४ च्या नेहमीच्या जोडणीत एका अँटेनाला जास्तीत जास्त ७२ मिळतात आणि दोन अँटेनांना १४४. जुन्या फोनला एक अँटेना, नव्याला दोन. तोच नवा फोन सहाव्या पिढीच्या राउटरशी ५ गिगाहर्ट्झवर जोडला असता, तर हा आकडा १२०० पर्यंत गेला असता.

आता कोणी विचारील, १४४ ची जोडणी असून ६० च का मिळतात? वाय-फायवर फोन आणि राउटर एकाच वेळी बोलू शकत नाहीत, आळीपाळीने बोलतात. प्रत्येक बोलण्यानंतर ‘पोचले’ असा निरोपही द्यावा लागतो. त्यात शेजाऱ्याचा राउटर बोलत असला तर थांबावे लागते. म्हणून पडद्यावर दिसणाऱ्या आकड्याच्या निम्मा, फार तर थोडा अधिक, एवढाच वेग हातात पडतो असे धरून चालावे.

मग एका नातेवाइकाकडून दोन पट्ट्यांचा, पाचव्या पिढीचा राउटर दोन दिवसांसाठी आणला आणि जुन्या यंत्राला तारेने जोडला. नव्या फोनवर Link speed ८६६ झाला आणि प्रत्यक्ष वेग ९४. आम्ही जुना फोनही लावून पाहिला. त्यावर Link speed ४३३ दिसला आणि प्रत्यक्ष वेग तोच, ९० च्या वर! जुन्या फोनलाही पाचवी पिढी येत होती. त्याला बोलायला जोडीदार नव्हता, इतकेच. जे काम दोन हजारांच्या आसपासच्या राउटरने झाले असते, त्यासाठी बावीस हजारांचे हप्ते सुरू झाले होते.

वेग ९४ वर का अडला? आता अडवणारी गोष्ट वाय-फाय नव्हती. योजनाच १०० ची आणि स्वस्त राउटरमध्ये तार खोचण्याची जागाही १०० चीच असते. तिच्यातून प्रत्यक्षात ९४ च्या आसपास बाहेर पडतात. ज्यांची योजना २०० किंवा ३०० ची आहे, त्यांनी राउटर घेताना ही जागा ‘गिगाबिट’ आहे का, हे विचारूनच घ्यावे.

खरेदीपूर्वी तपासणी

प्रथम योजनेची पावती पाहावी. योजना ३० किंवा ४० एमबीपीएसची असेल, तर फोन बदलून वा राउटर बदलून त्यापुढे काही मिळणार नाही.

त्यानंतर राउटरच्या पाठीवरील चिठ्ठी वाचावी. N300 असे असेल तर तो चौथ्या पिढीचा, बहुधा एकाच पट्ट्याचा. AC1200 म्हणजे पाचव्या पिढीचा, AX1500 म्हणजे सहाव्या पिढीचा. हे आकडे दोन्ही पट्ट्यांची बेरीज असतात. १२०० म्हणजे ३०० अधिक ८६७. या पिढ्यांत फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, म्हणून पूर्ण बेरीज एका फोनला कधीच मिळत नाही.

शेवटी राउटरपासून दोन-तीन मीटरवर उभे राहून मोबाईल डेटा बंद करावा आणि वेग मोजावा. मग अभ्यासाच्या खोलीत जाऊन पुन्हा मोजावा. जवळ वेग चांगला आणि खोलीत कमी असेल, तर दोष भिंतीचा. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांच्या दगड-मातीच्या भिंती हातभर जाड असतात. त्यांच्यापलीकडे ५ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम पोचते. अशा घरात महागडा राउटर घेण्यापेक्षा तार लांबवून राउटर अभ्यासाच्या खोलीत आणणे स्वस्त पडते.

दोन पट्ट्यांचा राउटर आणल्यावरही एक घोटाळा होतो. दोन्ही पट्ट्यांचे नाव एकच ठेवले तर फोन कधी कधी जुन्याच २.४ ला चिकटून राहतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावे द्यावीत आणि फोन ५ च्या नावाला जोडावा.

जोडणी देणाऱ्याचे यंत्र त्याच्या मालकीचे असेल, तर आधी त्यालाच दोन पट्ट्यांचे यंत्र बदलून मागावे. नाही दिले तर ते यंत्र तसेच ठेवून आपला राउटर त्याला तारेने जोडता येतो. त्या वेळी जुन्या यंत्राचे वाय-फाय बंद करायला विसरू नये, नाहीतर ते नव्याच्या आड येते.

सहाव्या पिढीचा खरा फायदा घरात दहा-पंधरा यंत्रे एकाच वेळी चालतात तेथे दिसतो. चार माणसांच्या आणि १०० च्या योजनेच्या घराला पाचव्या पिढीचा दोन पट्ट्यांचा राउटर पुरतो. हातातील फोन पाच-सहा वर्षांचा असला तरी त्याच्या तपशिलात 5 GHz दिसते का, हे आधी पाहावे. दिसत असेल तर फोन बदलण्याचे कारण वेग हे नव्हे.