आठवड्याचे तीन दिवस

आपल्या घरातील कर्ते मूल सोमवारी कचेरीत जाते, मंगळवारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसते आणि बुधवारी पुन्हा डबा मागते, हे दृश्य आता पुण्यामुंबईच्या कुटुंबांना नवे राहिलेले नाही. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि कचेऱ्या घरात शिरल्या. साथ ओसरल्यावर त्या पुरत्या बाहेर गेल्या नाहीत. अर्धे घरी, अर्धे कचेरीत अशा या व्यवस्थेला 'हायब्रिड' म्हणतात. तिचे वेळापत्रक मात्र कुणाला भिंतीवर टांगलेले सापडत नाही. ते एका ई-मेलने येते, आणि त्या ई-मेलच्या शब्दाशब्दावर घरातील दुधाच्या वेळेपासून आजीच्या औषधापर्यंत सारे अवलंबून असते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यातील एका लहानशा कंपनीत कर्मचारी विभाग सांभाळते. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. माणसे 140. गेल्या वर्षी तिने असा एक ई-मेल सर्वांना धाडला आणि आठवडाभरात शंकांचा पाऊस पडला. ती पत्र घेऊन माझ्याकडे आली. "सर, इंग्रजी तर बरोबर आहे ना?" इंग्रजी निर्दोष होते. पहिल्या परिच्छेदात आभार, दुसऱ्यात बदलता काळ, तिसऱ्यात सहकार्याची संस्कृती. आणि चौथ्यात एकदाचा नियम, की सर्वांनी 'साधारणपणे' आठवड्यातून तीन दिवस यावे, मंगळवार व बुधवार सर्वांना समान राहतील, आणि 'अपवादात्मक परिस्थितीचा योग्य तो विचार केला जाईल.'

या 'योग्य तो' शब्दांनी घात केला होता. तेथील एका बाईंच्या आईचे डायलिसिस मंगळवार, गुरुवार व शनिवार असे ठरलेले. त्यांच्या मॅनेजरने सांगितले, "मंगळवार सर्वांना आहे, मी काय करणार?" शेजारच्या टीममधील एका तरुणाला मात्र, घर लांब पडते म्हणून, दोन दिवसांची सूट मिळाली होती. बाई राजीनाम्याच्या गोष्टी बोलू लागल्या. दोन्ही मॅनेजरांनी पत्राचा अर्थ आपापल्या परीने लावला होता, आणि पत्रात दोघांनाही जागा होती.

मी तिला विचारले, "तीन दिवसच का? दोन किंवा चार का नाहीत?" ती म्हणाली, "खरे कारण सांगू? आम्ही एक मजला सोडला. आता खुर्च्या 90 आहेत. शिवाय नवी मुले शिकत नाहीत. ज्यांना विचारायचे ते घरी." मग हेच का लिहिले नाही, असे विचारता ती हसली. "मजला सोडला म्हटले तर कंपनी अडचणीत आहे असे वाटेल."

आता गंमत पाहा. कारण कागदावर येताच नियमच खोटा ठरला. 140 माणसे मंगळवारी एकदम आली, तर 90 खुर्च्यांवर बसणार कशी? उलट, 140 माणसांचे तीन-तीन दिवस म्हणजे 420 बैठका. 90 खुर्च्यांचे पाच दिवस म्हणजे 450. हिशेब बसतो, पण माणसे आठवडाभर सारखी पसरली तरच. तिने 28 जणांचे पाच गट केले. पहिला गट सोमवार ते बुधवार, दुसरा मंगळवार ते गुरुवार, तिसरा बुधवार ते शुक्रवार. चौथा गुरुवार, शुक्रवार आणि सोमवार. पाचवा शुक्रवार, सोमवार आणि मंगळवार. कोणत्याही दिवशी तीन गट, म्हणजे 84 माणसे हजर, आणि सहा खुर्च्या शिल्लक. नवी मुले आणि त्यांना शिकवणारे एकाच गटात ठेवले. सांगितलेले कारण खरे असले की नियम तपासून पाहता येतो, तो असा.

नवे पत्र तिनेच लिहिले. विषयाच्या ओळीतच सारे आले : '1 ऑगस्टपासून आठवड्यातून 3 दिवस कचेरीत : नियम, कारणे व अपवाद.' पहिल्या परिच्छेदात नियम. 'साधारणपणे' गेले. 'दिवस' म्हणजे काय तेही आले : सकाळी 11 ते दुपारी 4 हजर असणे. गटाच्या दिवशी सुटी आली तर तो दिवस भरून द्यावयाचा नाही. लोक वाद घालतात ते अशाच बारीक ठिकाणी. तेथे एकेक वाक्य आधीच खर्चले की पुढची पन्नास उत्तरे वाचतात. दुसऱ्या परिच्छेदात कारणे दोनच, खुर्च्या आणि शिकणारी मुले, आणि मजला सोडल्याचेही सरळ सांगितलेले.

अपवादांच्या तिने तीन पायऱ्या केल्या. एका दिवसाची अडचण, जसे मुलाचा ताप किंवा घरात नळ फुटणे : मॅनेजरला फक्त कळवावे, परवानगी नको. काही आठवड्यांची, जसे शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती : मॅनेजरने दोन दिवसांत उत्तर द्यावे. आणि दीर्घ काळाची, जसे अपंगत्व किंवा घरातील रुग्णाची शुश्रूषा : अर्ज कर्मचारी विभागाकडे, उत्तर सात दिवसांत, लेखी आणि कारणासह, नकार मिळाल्यास दाद कोणाकडे मागावी तेही लिहिलेले. वैद्यकीय कागद मॅनेजरला दाखवावयाचे नाहीत. घर लांब असणे हा अपवाद धरला जाणार नाही, हेही स्पष्ट लिहिले. कारण ती अडचण निम्म्या कंपनीची होती.

उदाहरणांचे महत्त्व मोठ्या कंपन्याही जाणतात. अमेझॉनचे प्रमुख अँडी जॅसी यांनी सप्टेंबर 2024 मध्ये कर्मचाऱ्यांना पत्र लिहून 2 जानेवारी 2025 पासून पाचही दिवस कचेरीत बोलावले. निर्णय पुष्कळांना रुचला नाही. पण मूल आजारी असणे, घरात तातडीची अडचण येणे, ग्राहकांच्या भेटीसाठी प्रवासात असणे, अशी सूट कशाला ते त्यात नावानिशी होते. कडक नियमही असा लिहिला की माणसाला निदान आपण कोठे उभे आहोत ते कळते.

डायलिसिसच्या बाईंचे काय झाले? त्या पहिल्या गटात होत्या. मंगळवारऐवजी शुक्रवार, एवढाच बदल त्यांना लागला. सोमवार आणि बुधवार गटाबरोबर, शुक्रवारी शिल्लक सहांपैकी एक खुर्ची. तीन दिवस पुरे झाले, शेजारच्या तरुणाशी तुलना उरली नाही. कारण ठाऊक असल्यामुळेच हा मार्ग दिसला : कंपनीला मंगळवार नको होता, खुर्ची रिकामी हवी होती.

पत्र चांगले झाले की नाही हे ओळखण्याची रीत सोपी आहे. ते न लिहिलेल्या दोघांना वेगवेगळे बसवून वाचायला द्यावे आणि तीन प्रश्न विचारावेत : येत्या गुरुवारी तुम्ही कोठे असाल? तीनच दिवस का? मूल आजारी पडले तर कोणाला कळवाल? उत्तरे जुळली नाहीत, तर पत्र पुन्हा लिहावे. तिच्या पहिल्या पत्रावर दोघांची उत्तरे तिन्ही प्रश्नांना निराळी आली; दुसऱ्यावर जुळली.

पत्राची मर्यादाही आहे. ज्यांचे घर लांब, त्यांचे दिवस कमी झाले नाहीत आणि त्यांची नाराजी गेली नाही. स्वच्छ भाषा माणसाला आवडेल असा नियम देऊ शकत नाही. न आवडणारा नियम कशासाठी आहे आणि तो आपल्याला व शेजाऱ्याला सारखाच लागू आहे, एवढे ती दाखवू शकते. त्या 140 घरांना निदान पुढच्या गुरुवारचा डबा भरावयाचा की नाही, ते बुधवारी रात्री ठाऊक असते.